मराठी शोधनिबंधातले आकडे: लिपी, दशांश चिन्ह आणि p, t, χ² यांची मांडणी

प्रश्न: सर, निपाणी आणि खानापूर तालुक्यांतल्या मराठी शाळांमधल्या मुलांच्या वाचनावर मराठीत शोधनिबंध लिहितेय. मजकुरात देवनागरी आकडे, तक्त्यांत इंग्रजी, आलेखांत परत इंग्रजी असं झालंय. परीक्षकांनी "संख्यालेखनात एकवाक्यता नाही" एवढंच लिहून निबंध परत पाठवला. आकडे कुठल्या लिपीत ठेवू, दशांश चिन्ह कसं देऊ आणि p, t, χ² ही चिन्हं मराठी वाक्यात कशी बसवू?

उत्तर:

आधी तुमचे आलेख उघडा, मजकूर नंतर. लिपीचा निर्णय निबंधातल्या सगळ्यांत हट्टी जागेवर घ्यायचा असतो, आणि ती जागा जवळजवळ नेहमी आलेखच असते. मजकुरातले आकडे कुणालाही बदलता येतात, तक्त्यांतले थोड्या कष्टाने बदलतात, पण आलेखाच्या अक्षांवरचे आकडे सॉफ्टवेअर स्वतः छापतं. ते तुम्हाला देवनागरीत आणता येत असतील तर अख्खा निबंध देवनागरी आकड्यांत करा. आलेख जुन्या प्रकल्पातून चित्र म्हणून आलेले असतील आणि पुन्हा काढायची सोय नसेल, तर अख्खा निबंध 1, 2, 3 या आकड्यांत करा. दोन्ही चालतं. मजकूर एकीकडे आणि तक्ते-आलेख दुसरीकडे, ही तिसरी वाट मात्र बंद करा, कारण वाचणाऱ्याला मजकुरातला "१८.२५" तक्त्यात शोधायचा असतो आणि तिथे त्याला तो त्याच रूपात दिसला पाहिजे.

नियतकालिकाने लेखकांसाठी सूचना छापल्या असतील तर अर्थातच त्या आधी. कोल्हापूरकडची आणि पुण्याकडची मराठी नियतकालिकं याबाबत एकसारखी नाहीत, म्हणून सूचना नसतील तर त्यांच्या अलीकडच्या अंकातला तक्ता आणि आलेख असलेला एखादा लेख काढून बघा. कधी कधी मार्गदर्शक राज्यघटनेच्या ३४३व्या अनुच्छेदाचा दाखला देतात. त्यात अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप सांगितलेलं आहे हे खरं, पण ते संघराज्याच्या शासकीय कामकाजासाठी. तुमच्या मराठी निबंधावर त्याचं बंधन नाही.

माझा स्वतःचा कल विचाराल तर मराठी निबंधाला देवनागरी आकडे. मराठी वाक्याच्या ओघात ते बसतात, आणि आपल्याकडचा वाचक मराठी दैनिकांत रोज तेच वाचतो. म्हणून पुढचं सगळं देवनागरी धरून सांगतो. 1, 2, 3 ठेवायचं ठरवलंत तरी दशांश, चिन्हं आणि विभक्ती यांचं सगळं तसंच लागू होतं.

विदा एका लिपीत, छपाई दुसऱ्या लिपीत

इथे बहुतेक गोंधळ सुरू होतो. एक्सेलच्या फाइलमध्ये, एसपीएसएसमध्ये, जिथे जिथे गणित होणार आहे तिथे आकडे 0 ते 9 असेच ठेवा. देवनागरी रूप फक्त वाचकासमोर जाणाऱ्या शेवटच्या टप्प्यावर द्या. देवनागरीत टंकलेला आकडा खान्यात मजकूर म्हणून बसला तर तो डाव्या कडेला चिकटतो आणि `SUM` त्याला मोजत नाही. चूक झाल्याचा कुठलाही इशारा मिळत नाही, बेरीज नुसती कमी येते. तपासायची सोपी रीत अशी: रकान्याखाली `COUNT` आणि `COUNTA` दोन्ही लावा. पहिलं सूत्र फक्त संख्या मोजतं, दुसरं भरलेले सगळे खाने. दोन उत्तरांत फरक आला की तेवढे आकडे मजकूर होऊन बसलेत.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. प्रश्नावल्या भरून येतात त्या तीन लिपींत. मराठी शाळेतले गुरुजी देवनागरीत लिहितात, तरुण स्वयंसेवक 1, 2, 3 मध्ये, आणि ग्रामपंचायतीचा किंवा एखाद्या कन्नड कार्यालयाचा कागद कन्नड अंकांत असू शकतो. कन्नड ೨, ೩, ೪ हे आपल्या २, ३, ४ च्या इतके जवळचे आहेत की तिथे फारशी चूक होत नाही. चुका होतात त्या देवनागरी आणि इंग्रजी यांच्यामध्ये. हातच्या अक्षरातला १ हा 9 वाचला जातो आणि ४ हा 8. विदा भरायला बसलेला मुलगा इंग्रजी आकड्यांवर वाढलेला असेल तर हे हमखास घडतं.

तुमची वाचनचाचणी २५ गुणांची आहे असं धरू. "१२" चे 92 झाले तर मर्यादेची तपासणी लगेच पकडेल, कारण 92 हा २५ च्या वर आहे. पण नुसत्या "१" चा 9 झाला किंवा "४" चा 8 झाला, तर दोन्ही आकडे मर्यादेतच राहतात आणि कुणालाच काही कळत नाही. ४० मुलांच्या गटात एकाच मुलाच्या १ चा 9 झाला तरी सरासरी ०.२ ने सरकते. म्हणून देवनागरीत भरलेल्या कागदांचा वेगळा गठ्ठा करा आणि तेवढा गठ्ठा दोन वेगळ्या माणसांकडून दोनदा भरून घ्या. दोन्ही फाइली शेजारी ठेवून वजाबाकी केली की जिथे शून्य येत नाही तो कागद पुन्हा उघडायचा. हे काम लिपीच्या निर्णयाच्या आधीचं आहे, पण ते राहिलं तर पुढची सगळी सुबक मांडणी चुकीच्या आकड्यांवर उभी राहते.

एक्सेलमध्ये संख्या संख्याच ठेवून फक्त तिचं दिसणं देवनागरी करता येतं. खान्याच्या स्वरूपात `Custom` निवडून हे लिहा:

```
[$-4000439]0.00
```

आत 18.25 राहतं, दिसताना १८.२५ दिसतं आणि गणित चालू राहतं. हेच स्वरूप आलेखाच्या अक्षाला आणि स्तंभांवरच्या आकड्यांनाही देता येतं, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली आलेखाची अडचण एक्सेलपुरती इथेच सुटते. आर वापरत असाल तर अक्षाच्या आकड्यांसाठी `ggplot` मध्ये ही ओळ पुरते:

```
scale_y_continuous(labels = function(x)
  chartr("0123456789", "०१२३४५६७८९", x))
```

आलेखात आकडे सहसा नीट येतात, कारण त्यांना काना-मात्रा नाहीत. मोडतात ती अक्षांची नावं. "विद्यार्थी" मधलं जोडाक्षर किंवा वेलांटी चुकीच्या जागी दिसते का, हे आलेख साठवल्यावर बघा, पडद्यावरच्या खिडकीत नव्हे.

विंडोजमधली एक सोय मात्र टाळा. प्रादेशिक सेटिंगमध्ये `Standard digits` देवनागरी करून `Use native digits` ला `National` केलं की तुमच्या पडद्यावर आकडे देवनागरी दिसायला लागतात. ते फक्त दिसणं असतं. फाइलमध्ये आतले आकडे तसेच राहतात, आणि संपादकांच्या संगणकावर तीच फाइल इंग्रजी आकड्यांनी उघडते. तुम्ही "सगळं देवनागरी केलंय" असं प्रामाणिकपणे सांगत असता आणि समोरच्याला भलतंच दिसतं. तुमच्या बाबतीत हेच झालंय का हे कळायला वर्डच्या शोधपेटीत वाइल्डकार्ड चालू करून `[0-9]` शोधा. देवनागरी दिसणाऱ्या आकड्यावर शोध थांबला तर तो आकडा आतून देवनागरी नाही.

दशांश बिंदू आणि त्याच्या आधीचं शून्य

दशांशाला ओळीवरचा साधा बिंदू, बस्स. युरोपातल्या काही भाषांत स्वल्पविराम देतात, आणि वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ मध्ये बिंदू आणि स्वल्पविराम दोन्ही ग्राह्य धरले आहेत. पण आपल्याकडे स्वल्पविराम हजार-लाखांसाठी लागतो, त्यामुळे दशांशाला तो कधीही नको. जुन्या छपाईत दिसणारा ओळीच्या मध्यावरचा बिंदूही नको. देवनागरीत तो अनुस्वारासारखा भासतो आणि शोधताना सापडत नाही.

खरा प्रश्न बिंदूच्या आधीच्या शून्याचा आहे. शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्राचे बरेच मार्गदर्शक अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची एपीए पद्धत सांगतात. तिच्यात p आणि r यांसारखी मूल्यं १ च्या पुढे जाऊच शकत नाहीत म्हणून आधीचं शून्य गाळतात आणि .028 असं लिहितात. एसपीएसएसच्या तक्त्यातही .028 असंच येतं. मराठीत हे उचलू नका. देवनागरी शून्य लहान आणि गोल, त्याच्या आधी उघडा बिंदू, आणि त्याच्याही आधी बहुतेक वेळा "पृ.", "प्र.वि." किंवा "रु." असा संक्षेपाचा बिंदू. ".०२८" मधला बिंदू छपाईत पुसट झाला की "०२८" उरतं. म्हणून मराठीत नेहमी "०.०२८". एपीए पद्धत सक्तीची असेल तर संपादकांना एका ओळीत कळवा की देवनागरी लिपीत वाचनीयतेसाठी आधीचं शून्य सगळीकडे ठेवलं आहे. नियम एकसारखा पाळला असेल तर याला कुणी सहसा हरकत घेत नाही.

एसपीएसएस पुष्कळदा `.000` दाखवतं. त्याचा अर्थ शून्य नव्हे, तीन स्थळांपर्यंत गोळाबेरीज केल्यावर काही उरलं नाही एवढाच आहे. ते "p < ०.००१" असं लिहायचं. "p = ०.०००" हे लिपी कुठलीही असली तरी चूक. `2.3E-05` असं उत्तर आलं तरी तेच, "p < ०.००१".

किती स्थळं ठेवायची हेही आधी ठरवून टाका. सरासरी आणि प्रमाण विचलन दोन स्थळं, t आणि χ² दोन, p तीन, टक्केवारी एक. टक्केवारीत दोन-तीन स्थळं देण्याचा मोह आवरा. गटात ४० मुलं असतील तर एक मूल म्हणजे २.५ टक्के. तिथे "३७.५००%" लिहिल्याने माहिती वाढत नाही, रकाना मात्र रुंद होतो. ठरलेली स्थळं शून्य असली तरी लिहायची: एका ओळीत १८.२५ आणि खाली १६.१ नको, १६.१० हवं. रकाना उजवीकडे लावला की बिंदू आपोआप एकाखाली एक येतात. पुष्कळ फाँटांत देवनागरी अंकांची रुंदी सारखी नसते, १ अरुंद आणि ६ रुंद. त्यामुळे बिंदू केसभर इकडेतिकडे होतात. फारच दिसत असेल तर फाँट बदला, पण मोकळ्या जागा मारून ओळ जुळवू नका. छपाईला जाताना ती जुळणी मोडते.

लाख-कोटींचा स्वल्पविराम

यंत्राने केलेलं रूपांतर नेमकं इथे फसतं. २०११च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ आहे. इंग्रजी मजकुरात ती 4,779,661 अशी सापडते. आकड्यांची नुसती लिपी बदलली तर "४,७७९,६६१" तयार होतं. प्रत्येक अंक बरोबर, पण मराठी वाचक पहिल्या स्वल्पविरामापाशीच अडखळतो. त्याला लाख दिसत नाहीत. म्हणून लिपी बदलण्याआधी मोठ्या संख्यांचे स्वल्पविराम हाताने बघून घ्या. निबंधात अशा संख्या फार नसतात, पार्श्वभूमीच्या विभागात आठ-दहा निघतील. एकाच तक्त्यात काही संख्या लाखांत आणि काही हजारांत असतील तर स्वल्पविराम सगळ्यांना द्या. चार अंकी संख्येलाही, म्हणजे २,३४०. सालाला मात्र कधीच नाही.

चिन्हं रोमन, आकडे देवनागरी

p, t, F, r, χ² ही चिन्हं रोमन आणि ग्रीक लिपीतच राहू द्या. ती कुठल्या भाषेचे शब्द नाहीत. वाचक ती पाठ्यपुस्तकातल्या सूत्रासारखी ओळखतो. "पी = ०.०२८" किंवा "काय२" असं लिहिलं की तो क्षणभर थांबतो. वाक्यात चाचणीचं नाव घेताना मात्र मराठी: टी-चाचणी, काय-वर्ग चाचणी. तक्त्याच्या शीर्षकओळीत पूर्ण मराठी शब्द वापरा, "सरासरी", "प्रमाण विचलन", "विद्यार्थी संख्या". M, SD, n यांची गरज तिथे नाही, जागा पुरते. प्रमाण विचलनाला ± लावू नका. "१८.२५ ± ४.१२" वाचताना ते विचलन आहे की प्रमाण त्रुटी, हे कळत नाही. "(प्रमाण विचलन ४.१२)" असं लिहिलं की शंका राहत नाही.

तिरपं टंक फक्त रोमन अक्षराला: *p*, *t*, *r*. ग्रीक χ सरळ. देवनागरी आकडे कधीही तिरपे नाहीत. पूर्ण सूत्र निवडून तिरपं केलं की वर्ड देवनागरी आकड्यांना ओढूनताणून तिरकं करतं, आणि ते ओंगळ दिसतात, कारण बहुतेक देवनागरी फाँटांत वेगळं तिरपं रूप नसतंच. χ² मधला २ हा संख्या नाही, चिन्हाचा भाग आहे, तो ² असाच राहू द्या.

बरोबरीच्या आणि लहान-मोठ्याच्या चिन्हाला दोन्ही बाजूंनी जागा. ती जागा न तुटणारी हवी, वर्डमध्ये `Ctrl+Shift+Space`. नाहीतर "p =" ओळीच्या शेवटी आणि "०.०२८" पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जातं. टक्क्याच्या चिन्हाआधी जागा नको: ३७.५%. उणे चिन्हाला जोडरेघ वापरू नका, खरं उणे चिन्ह − (U+2212) वापरा. जोडरेघेवर ओळ तुटते आणि "-०.३१" मधलं उणे मागच्या ओळीत राहतं. मग सहसंबंध उलटा वाचला जातो.

आता तुमच्यासारखंच एक उदाहरण पूर्ण करून बघू. आकडे फक्त मांडणी दाखवण्यासाठी घेतलेत. दोन गट, प्रत्येकी ४० मुलं. पहिल्याची सरासरी १८.२५ आणि विचलन ४.१२, दुसऱ्याची १६.१० आणि ४.४८. सरासरींमधला फरक २.१५, त्याची प्रमाण त्रुटी सुमारे ०.९६, म्हणून t २.२३ येतो. स्वाधीनता मात्रा ७८, p ०.०२८. फरकाची ९५ टक्के विश्वास मर्यादा ०.२३ पासून ४.०७ पर्यंत. सॉफ्टवेअरमधून घाईत उचललेली ओळ साधारण अशी असते:

```
t(78)=2.234, p=.028, 95% CI 0.23-4.07
```

हिच्यात पाच गोष्टी सुधारायच्या आहेत: t ची स्थळं दोन, p च्या आधी शून्य, चिन्हांभोवती जागा, मर्यादांमधली जोडरेघ आणि शेवटी लिपी. मर्यादांमध्ये जोडरेघ ठेवली की "०.२३-४.०७" ही वजाबाकी वाटते, आणि खालची मर्यादा ऋण असेल तर दोन रेघा शेजारी येतात. म्हणून मर्यादांमध्ये "ते" हा शब्द. निबंधात वाक्य असं येईल:

> पहिल्या गटाची सरासरी (१८.२५) दुसऱ्या गटाच्या सरासरीपेक्षा (१६.१०) २.१५ गुणांनी अधिक होती; *t*(७८) = २.२३, *p* = ०.०२८, फरकाची ९५% विश्वास मर्यादा ०.२३ ते ४.०७.

मराठीतली खरी कसोटी इथून पुढे लागते, कारण आपल्याकडे शब्दाला विभक्ती चिकटते आणि चिन्हाला ती चिकटवता येत नाही. "१५%नी वाढ", "p<०.०५ला सार्थक" अशा जोडण्या परीक्षकाला खटकतात, आणि त्या एकसारख्या करताही येत नाहीत. उपाय सोपा: चिन्हाला प्रत्यय लावायची वेळ आली की चिन्ह काढून शब्द घाला. "१५ टक्क्यांनी वाढ", "०.०५ सार्थकता स्तरावर". मग % फक्त तक्त्यात, कंसात आणि सूत्रात उरतं, आणि "टक्के" वाक्यात. सालाला आणि संख्येला प्रत्यय जोडून लिहायचा की सोडून, म्हणजे "२०११च्या" की "२०११ च्या", हे एकदा ठरवा आणि शोधपेटीने सगळीकडे तेच करा. मी साल आणि क्रम दाखवणाऱ्या आकड्यांना प्रत्यय जोडून लिहितो आणि मोजलेल्या संख्यांपुढे जागा सोडतो, कारण "४०पैकी" पेक्षा "४० पैकी" डोळ्याला सोपं जातं. तुम्ही उलटं केलंत तरी बिघडत नाही, निबंधभर तेच हवं.

सांख्यिकी नसलेल्या लहान संख्या शब्दांत: तीन शाळा, दोन शिक्षिका, इयत्ता चौथी. मोजमाप, गुण, टक्के, वय हे सगळं आकड्यांत.

लिपी बदलायची ती एकदाच, आणि काय वाचवायचं

मजकूर पूर्ण झाल्यावर, स्वल्पविराम आणि दशांश बघून झाल्यावर, लिपी एकाच बैठकीत बदला. अधूनमधून हाताने बदलत राहिलात तर तुमची आजची स्थिती परत येईल. पायथन येत असेल तर काम एवढंच आहे:

```
अंक = str.maketrans("0123456789", "०१२३४५६७८९")
print("t(78) = 2.23, p = 0.028".translate(अंक))
```

उत्तर `t(७८) = २.२३, p = ०.०२८` येतं, चिन्हांना धक्का लागत नाही. पायथन नको असेल तर वर्डमध्ये दहा अंकांचे दहा शोध-बदल करा. पाच मिनिटांचं काम आहे, पण आधी मूळ फाइलची प्रत ठेवा, आणि संदर्भसूची निवडीतून वगळा.

काही आकडे जसेच्या तसे राहिले पाहिजेत, कारण ते वाचायचे नसून टंकायचे असतात: संकेतस्थळांचे पत्ते, ईमेल, डीओआय, सॉफ्टवेअरची आवृत्ती, फाइलींची नावं. डीओआयमधला एक अंक देवनागरी झाला तरी दुवा उघडत नाही. संदर्भसूचीत मराठी ग्रंथांच्या नोंदी देवनागरी आकड्यांत आणि इंग्रजी ग्रंथांच्या नोंदी पूर्ण रोमनमध्ये, खंड आणि पृष्ठासह. निबंधाच्या ओघात इंग्रजी ग्रंथाचा उल्लेख आला तर साल देवनागरीत. हे काहींना विसंगत वाटतं, पण नोंद ही त्या ग्रंथाच्या भाषेत असते आणि उल्लेख तुमच्या वाक्यात, एवढं लक्षात ठेवलं की कुठे काय हे विचारावं लागत नाही.

रूपांतरानंतर वाइल्डकार्डने `[0-9]` शोधत शेवटपर्यंत जा. शोध जिथे जिथे थांबेल ती जागा वरच्या यादीतली असली पाहिजे. मग `[೦-೯]` शोधा. कन्नड कागदपत्रांतून चिकटवलेला एखादा ೩ आपल्या ३ च्या शेजारी बेमालूम लपलेला असतो, आणि डोळ्याने तो सापडत नाही.

फाँटच्या बाबतीत एकच सांगतो. देवनागरी आणि रोमन दोन्ही अक्षरं ज्यात आहेत असा एकच युनिकोड फाँट घ्या, उदाहरणार्थ मुक्ता किंवा टिरो देवनागरी मराठी. वर्डच्या `Font` खिडकीत `Latin text` आणि `Complex scripts` अशा दोन जागा असतात. दोन्हीकडे तोच फाँट, तोच आकार. नाहीतर आकडे एका फाँटचे आणि मधला बिंदू दुसऱ्याचा असं होऊ शकतं, आणि "०.०२८" मधला बिंदू जाड किंवा वर उचललेला दिसतो.

निबंध परिसंवादाच्या पुस्तिकेत जाणार असेल तर छापखान्यात विचारा की मजकूर युनिकोडमध्ये लावणार की जुन्या फाँटमध्ये. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत इंग्रजी कळांच्या जागी देवनागरी अक्षरं बसवलेली असतात, त्यामुळे <, ±, − आणि χ यांच्या जागी भलतंच जोडाक्षर उमटू शकतं किंवा नुसती रिकामी चौकट येते. तसं असेल तर त्यांना फाइलीबरोबर पीडीएफ द्या, आणि प्रूफ आलं की मजकूर वाचायच्या आधी फक्त ही चार चिन्हं आणि प्रत्येक तक्त्याची शेवटची ओळ मूळ पीडीएफशी ताडून बघा. "p < ०.०५" मधलं < गळून "p ०.०५" छापलं गेलं तर वाक्य मराठी म्हणून नीट वाचता येतं, म्हणून ते प्रूफवाल्याच्या नजरेतून सुटतं. ते तुम्हालाच शोधावं लागेल.